डॅशबोर्डचा आकडा आणि एक्सेलची टोटल जुळत का नाही? मॅनेजर मंडळींचे नेहमीचे प्रश्न

मी अंधेरीतल्या एका डिस्ट्रिब्युटरच्या ऑफिसात एमआयएस बघतो. माल म्हणजे फरसाण, चिवडा, बिस्किटं, गोडाऊन भिवंडीला, गिऱ्हाईक म्हणजे विरारपासून कल्याणपर्यंतचे किराणावाले, जे मोबाईल अ‍ॅपवरून ऑर्डर टाकतात. ऑक्टोबर 2025 चा सेल्सचा आकडा डॅशबोर्डवर एक आणि अकाउंट्सच्या ताईंच्या शीटमध्ये दुसरा आला आणि आमच्या सेल्सच्या साहेबांनी मला दोन दिवस नुसते प्रश्न विचारले. प्रश्न सगळे रास्त होते. तेच इथे लिहून ठेवतोय, कारण दर महिन्याला कोणी ना कोणी तेच विचारतं.

दोन आकडे वेगळे आहेत म्हणजे एक तरी चुकीचाच ना? कोणता ते सांग.

आमच्या केसमध्ये दोन्ही चुकीचे होते सर, तेही वेगवेगळ्या कारणांनी.

शीट म्हणत होती 43,68,900 रुपये. डॅशबोर्ड म्हणत होता 42,17,350. फरक 1,51,550. हे बघितल्यावर पहिलं वाक्य सगळ्यांचं एकच असतं, की "सिस्टीम कुठेतरी ऑर्डरी खातेय", आणि आयटीवाल्यांचं पहिलं वाक्य असतं की "ताईंनी हाताने भरलंय, चुकलं असेल". दोघांनाही थोडं थोडं बरोबर म्हणावं लागेल. पण खरी गोष्ट अशी की दोघांनी मुळात वेगळ्या प्रश्नाची उत्तरं काढली होती. "ऑक्टोबरचा सेल किती" ह्या एका वाक्यात तीन गोष्टी न बोलता राहून जातात: ऑक्टोबर कधी सुरू झाला, परत आलेला माल कधी वजा करायचा, आणि कुठल्या ऑर्डरी मोजल्या. माणूस ह्या गोष्टी सवयीने ठरवतो, डॅशबोर्ड त्याच्या क्वेरीत लिहिलंय तसं ठरवतो, आणि ती क्वेरी लिहिणारा मुलगा तीन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेलाय.

दीड लाखाचा फरक राउंडिंगमुळे येऊ शकतो का? कोणीतरी मीटिंगमध्ये तसं म्हणालं.

नाही. ऑक्टोबरमध्ये आमच्या साधारण 1,260 ऑर्डरी होत्या. प्रत्येक ऑर्डर जवळच्या रुपयाला राउंड केली तर एका ऑर्डरीत जास्तीत जास्त 50 पैशांचा फरक, म्हणजे सगळ्या एकाच बाजूला चुकल्या तरी 630 रुपये. प्रत्यक्षात काही वर जातात काही खाली येतात, त्यामुळे तेवढाही येत नाही. पाच-पन्नास रुपयांचा फरक असेल तर राउंडिंग म्हणा, त्याच्या वर कोणी राउंडिंग म्हणालं तर त्याने बघितलेलं नाही एवढंच समजायचं.

मग फरक शोधायचा कसा? टोटलकडे बघून तर काही कळत नाही.

टोटलकडे बघून कळणारच नाही, ओळींकडे बघावं लागतं. डॅशबोर्डवरचा तो मोठा आकडा असतो ना, तो ज्या ऑर्डरींची बेरीज आहे त्या ऑर्डरींची लिस्ट मागायची, एक्स्पोर्ट करून. बहुतेक डॅशबोर्डमध्ये ते बटण असतं, नसलं तर आयटीकडून काढून घ्यायची, पण त्याच क्वेरीने काढलेली पाहिजे, नाहीतर तिसराच आकडा येतो आणि मग बसा. ती लिस्ट शीटच्या फाईलमध्ये नव्या टॅबवर टाकायची, टॅबला नाव दिलं `dash`, आणि ताईंच्या टॅबवर ऑर्डर नंबरच्या शेजारी हे लिहायचं:

```
=COUNTIF(dash!A:A, A2)
```

खालपर्यंत ओढलं की जिथे 0 येईल ती ऑर्डर शीटमध्ये आहे पण डॅशबोर्डमध्ये नाही. हेच उलट बाजूने पण करायचं. मग तीन ढीग तयार होतात. फक्त शीटमध्ये असलेल्या, फक्त डॅशबोर्डमध्ये असलेल्या, आणि दोन्हीकडे आहेत पण रक्कम वेगळी. तिसऱ्या ढिगासाठी दोन रकमा शेजारी आणून वजाबाकी करायची.

आता 1,260 ओळींतून साठ-सत्तर ओळी उरतात आणि त्या डोळ्याने बघता येतात. इथे घाई करायची नाही. ढीग समोर ठेवून विचारायचं, की ह्या सगळ्यांमध्ये सारखं काय आहे? एकच पार्टी? एकच सेल्समन? एकच तारीख? आमच्याकडे पहिल्या ढिगात 32 ओळी आल्या, आणि त्यातल्या 31 ओळींची तारीख एकच होती, 1 ऑक्टोबर. दुसऱ्या ढिगात 11 ओळी आणि सगळ्या 1 नोव्हेंबरच्या. एवढं दिसलं की निम्मं काम झालं.

1 ऑक्टोबरच्या ऑर्डरी डॅशबोर्डमध्ये सप्टेंबरला कशा गेल्या?

वेळेमुळे. हे जरा नीट सांगतो, कारण हे सगळ्यात जास्त वेळा होतं आणि कोणाला पटत नाही.

आमचे किराणावाले दुकान बंद करतात अकरा-साडेअकराला. शटर खाली ओढलं, गल्ला मोजला, जेवले, मग खाटेवर बसून उद्याची ऑर्डर टाकतात, म्हणजे वाजलेले असतात साडेबारा-एक. 2 ऑक्टोबरला दसरा होता, त्यामुळे 30 सप्टेंबरची मध्यरात्र उलटल्यावर ऑर्डरींचा नुसता पाऊस. त्यातली एक ऑर्डर घ्या, डोंबिवलीच्या दुकानाची, वेळ 1 ऑक्टोबर, रात्री 12 वाजून 47 मिनिटं. ताईंच्या शीटमध्ये ती ऑक्टोबरची पहिली-दुसरी ओळ आहे, आणि बरोबरच आहे.

पण अ‍ॅपचा डेटाबेस वेळ आपल्या घड्याळाने ठेवत नाही, यूटीसी नावाच्या जागतिक वेळेने ठेवतो. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपले 12:47 वाजले तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे 7:17 झालेले असतात, तारीख 30 सप्टेंबर. डेटाबेसने हे असं ठेवणं चूक नाहीये, उलट तीच चांगली पद्धत आहे. चूक पुढे होते, डॅशबोर्डने महिना पाडताना वेळ परत आपल्या घड्याळाला आणायची असते, ते राहून गेलं. मग रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधली प्रत्येक ऑर्डर आदल्या दिवसात जाते. रोज. महिन्याच्या मधल्या दिवसांना हे फक्त ह्या खिशातून त्या खिशात असतं म्हणून महिन्याच्या टोटलवर दिसत नाही, पण महिन्याच्या दोन टोकांना दिसतं. 1 ऑक्टोबरच्या रात्रीच्या 31 ऑर्डरी, 1,12,400 रुपये, डॅशबोर्डने सप्टेंबरला देऊन टाकले. 1 नोव्हेंबरच्या रात्रीच्या 11 ऑर्डरी, 38,600 रुपये, त्या ऑक्टोबरमध्ये घुसल्या. म्हणजे डॅशबोर्ड निव्वळ 73,800 ने कमी.

साहेबांना हे सांगितलं तर म्हणाले "एकाच शहरात दोन घड्याळं कशी चालतील रे?" मुंबईला हे नवीन नाहीये खरं तर. 1906 मध्ये देशाची एक प्रमाणवेळ आली तरी इथे बॉम्बे टाइम 1955 पर्यंत चालूच होता, 39 मिनिटं मागे. तेव्हा कोणाचं घड्याळ म्हणतोयस हे विचारावं लागायचं, तसंच इथे विचारायचं.

हा वेळेचाच घोळ आहे हे मला स्वतःला कसं ओळखता येईल?

रोजचे आकडे बाजूबाजूला ठेवा. रोज फरक येतोय, कधी प्लस कधी मायनस, पण महिन्याचा फरक त्यामानाने लहान आहे, असं दिसलं तर वेळेवर संशय घ्या. मग फरकाच्या ऑर्डरींची वेळ बघा. सगळ्या बारा ते साडेपाचमध्ये असतील तर विषय संपला. एकजरी दुपारी तीनची निघाली तर तिचं कारण दुसरं आहे, तिला ह्या ढिगात ढकलू नका.

अजून एक खूण आहे आणि ती आमच्या नाकासमोर होती. डॅशबोर्डच्या खाली `Last refreshed` लिहिलेलं असतं. आमचा डेटा रात्री दोनला रिफ्रेश होतो हे सगळ्यांना माहीत, पण तिथे रोज 20:30 दिसायचं. दोनातून साडेपाच तास मागे जा, रात्रीचे साडेआठ. वर्षभर ते तिथे लिहिलेलं होतं, कोणी वाचलं नाही, मी पण नाही.

आयटीला नक्की काय सांगू? "टाइमझोन बघा" म्हटलं तर "बघतो" म्हणतात आणि काही होत नाही.

त्यांना एक ऑर्डर नंबर द्या, तिची खरी वेळ द्या, आणि ती डॅशबोर्डवर कुठल्या तारखेला दिसतेय ते द्या. एका ऑर्डरीवर वाद घालता येत नाही. क्वेरीत बदल साधारण एका ओळीचा असतो, आमच्याकडे पोस्टग्रेस आहे, तिथे हा झाला:

```
date_trunc('month', created_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata')
```

ही ओळ `created_at` मध्ये टाइमझोनसकट वेळ ठेवली असेल तरच बरोबर चालते. नुसती वेळ ठेवली असेल तर आधी ती यूटीसी आहे हे पण सांगावं लागतं, नाहीतर वेळ उलट्या बाजूला सरकते आणि घोळ दुप्पट होतो. म्हणून बदल झाल्यावर तीच 12:47 ची ऑर्डर परत बघायची, 1 ऑक्टोबरला आली का. आली तर ठीक. आणि हो, हे केल्यावर मागचे सगळे महिने थोडे थोडे हलतात, ते मालकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर "जूनचा आकडा कोणी बदलला" म्हणून नवीन चौकशी लागते.

परत आलेल्या मालाचं काय? दोघंही रिटर्न वजा करतात, मग फरक कसा?

वजा दोघंही करतात, पण कधी करतात त्यात गोम आहे.

दिवाळी झाली की किराणावाल्यांकडे न खपलेली चकली-चिवड्याची पाकिटं परत येतात, ठरलेलंच असतं. आमचा टेम्पो ती उचलतो, भिवंडीला गोडाऊनमध्ये उतरवताना पोरगा बारकोड स्कॅन करतो. स्कॅन झालं की सिस्टीमला कळतं माल परत आला, आणि डॅशबोर्ड त्याच दिवशी ती रक्कम सेलमधून वजा करतो. 29, 30 आणि 31 ऑक्टोबरला असा 96,250 चा माल आला.

पण अकाउंट्सच्या दृष्टीने माल परत आला म्हणजे लगेच काही झालं नाही. ताई आधी पाकिटं मोजून घेतात, फुटलेली किती, तारीख उलटलेली किती, मग पार्टीच्या नावाने क्रेडिट नोट काढतात. ही सगळी नोटं 3 नोव्हेंबरला, सोमवारी निघाली. त्यांच्या शीटमध्ये वजावट क्रेडिट नोटच्या तारखेला, म्हणजे नोव्हेंबरला. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये शीट 96,250 ने जास्त दिसते.

इथे ताईंना चुकीचं म्हणायचं नाही बरं का. जीएसटीमध्ये क्रेडिट नोट ज्या महिन्यात काढली त्या महिन्याच्या रिटर्नमध्ये दाखवायची असते, त्यामुळे त्यांनी असंच ठेवायला पाहिजे. आणि डॅशबोर्ड पण चुकीचा नाही, कारण सेल्सच्या लोकांना हे बघायचं असतं की माल खरंच खपला की टेम्पोतून परत आला, आणि ते क्रेडिट नोटची वाट बघत बसले तर पुढची ऑर्डर चुकीची भरतील. हा फरक दुरुस्त करायचा नसतोच. तो लिहून ठेवायचा असतो.

काही कंपन्यांचे डॅशबोर्ड तिसरंच करतात, रिटर्न मूळ ऑर्डरीच्या तारखेला नेऊन चिकटवतात. तिथे मागच्या महिन्याचा आकडा बसल्या जागी खाली खाली येत राहतो. तुमचा जुना आकडा न सांगता हलत असेल तर हे विचारून घ्या.

एक्सेलची बेरीज कधी चुकते का? मशीन आहे ना ते?

बेरीज चुकत नाही, पण काही आकडे ते बेरजेत घेतच नाही आणि सांगत पण नाही.

आमच्या नालासोपाऱ्याच्या सेल्समनचं नेट गेलं होतं तेव्हा त्याने तीन ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या. ताईंनी व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून रक्कम कॉपी करून शीटमध्ये पेस्ट केली. 14,500, 18,200 आणि 8,300. दिसायला अगदी बाकीच्यांसारख्याच. पण कॉपी करताना आकड्याच्या मागे एक न दिसणारी स्पेस आली, आणि त्या स्पेसमुळे एक्सेलच्या दृष्टीने ते आकडे नाहीत, मजकूर आहेत, एखाद्या पार्टीच्या नावासारखे. `SUM` असा मजकूर गपचूप सोडून देतो. एरर नाही, लाल रंग नाही. 41,000 रुपये डोळ्यासमोर असून बेरजेत नाहीत.

ओळखायला सोपं आहे. कुठल्यातरी रिकाम्या सेलमध्ये हे दोन लिहा:

```
=COUNTA(D2:D1300)
=COUNT(D2:D1300)
```

पहिलं भरलेले सेल मोजतं, दुसरं फक्त आकडे असलेले. आमच्याकडे दोघांत 3 चा फरक आला, म्हणजे तीन सेल आकड्याचं सोंग घेऊन बसलेत. कॉलमला हाताने अलाइनमेंट दिली नसेल तर आकडे उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे, तेवढ्यानेही दिसतं, पण आमच्या शीटमध्ये सगळं सेंटर केलेलं. शोभेसाठी.

दुरुस्तीला नुसतं `TRIM` पुरत नाही, कारण ती स्पेस साधी नसते. शेजारच्या कॉलममध्ये हे लिहून मग व्हॅल्यू म्हणून पेस्ट करायचं:

```
=VALUE(TRIM(SUBSTITUTE(D2,CHAR(160)," ")))
```

ताईंनी त्या तीन ओळी दुरुस्त केल्या आणि फरक कमी व्हायच्या ऐवजी वाढला! काय प्रकार आहे?

हो, 1,51,550 चा 1,92,550 झाला. साहेबांनी तिथेच हात टेकले, म्हणाले आधीचं बरं होतं.

शीट आधीच जास्त दाखवत होती, आणि ही चूक तिला 41,000 ने खाली ओढत होती. म्हणजे एक चूक दुसऱ्या चुकांना झाकत होती. झाकण काढलं, खालचं सगळं दिसलं. दुरुस्तीनंतर फरक वाढला म्हणून दुरुस्ती मागे घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो, कारण आमच्याकडे खरंच एकाने ते सुचवलं होतं. दुरुस्ती बरोबर की चूक हे त्या ओळीवरून ठरतं. ऑर्डर खरी आहे, माल गेलाय, पैसे 18,200 आहेत, तर ते बेरजेत आलेच पाहिजेत, मग फरकाचं काहीही होवो.

पहिल्या ढिगातली ती 32 वी ओळ कोणती?

डबल एंट्री. एका पार्टीची दिवाळी गिफ्ट बॉक्सची ऑर्डर, 22,500. अ‍ॅपच्या लिस्टमधून ती शीटमध्ये आली, आणि सेल्समनने उत्साहात व्हॉट्सअ‍ॅपवर पण टाकली म्हणून परत आली. डुप्लिकेट शोधायचं फॉर्म्युलाने केलं तर सापडली नव्हती, कारण अ‍ॅपच्या लिस्टमध्ये नंबर `OD-1187` असा आहे आणि सेल्समनने नुसता 1187 लिहिला होता. मशीनला ह्या दोन वेगळ्या ऑर्डरी. म्हणून ऑर्डर नंबरवर एकदा बघून झालं की पार्टीचं नाव आणि रक्कम ह्या जोडीवर पण एकदा बघा. एकाच पार्टीने एकाच रकमेची दोनदा ऑर्डर खरीच दिली असू शकते, तेव्हा डिलीट करायच्या आधी एक फोन लावा.

फिल्टर लावून खालच्या पट्टीवर एक टोटल दिसते आणि सेलमध्ये दुसरी.

`SUM` लपलेल्या ओळी पण धरतो, खालची पट्टी फक्त दिसणाऱ्या ओळींची बेरीज दाखवते. फिल्टरसकट टोटल हवी असेल तर `SUBTOTAL(109,D2:D1300)` वापरा. स्क्रीनशॉट पाठवताना फिल्टर काढलाय का ते बघा, आमची अर्धी भांडणं ह्यावर झालीत.

फरक खूप मोठा आहे, सगळीकडे एकाच प्रमाणात जास्त. हे कशातलं?

मोठा आकडा छोट्याने भागा. 1.05 किंवा 1.18 असं काही बरोब्बर आलं तर एकाने जीएसटी धरलाय आणि एकाने नाही. दोन्ही दरांचा माल मिसळलेला असेल तर भागाकार मध्येच कुठेतरी येतो, मग दोन-चार ऑर्डरी सुट्ट्या घेऊन भागून बघा. आमच्याकडे दोन्ही जीएसटीशिवाय होते, नशीब.

आता सगळं जुळवून एकदा दाखव. मला मालकांना सांगायचंय.

शीटच्या आकड्यापासून सुरू करून डॅशबोर्डपर्यंत चालत जायचं:

शीटची टोटल: 43,68,900
डबल एंट्री काढली: वजा 22,500
मजकूर झालेल्या तीन ओळी धरल्या: अधिक 41,000
दुरुस्त शीट: 43,87,400
ऑक्टोबरअखेर आलेला माल, क्रेडिट नोट नोव्हेंबरला: वजा 96,250
सेलचा आकडा: 42,91,150
वेळेमुळे डॅशबोर्डमधून निसटलेले: वजा 73,800
डॅशबोर्डवर दिसणारा आकडा: 42,17,350

शेवटी रुपयाला रुपया लागला पाहिजे. "साधारण जुळतंय" म्हणून सोडलं तर उरलेल्या पाच हजारांत एक प्लस पन्नास आणि एक मायनस पंचेचाळीस हजार बसलेले असू शकतात, आत्ताच ते 41,000 चं बघितलं ना. ह्याच कारणाने सप्टेंबर जुळला होता म्हणून तो बरोबर होता असं मी म्हणणार नाही. जुळलेल्या महिन्याच्या ओळी कोणी तपासतच नाही.

मग मालकांना कुठला आकडा पाठवू? एकच सांग.

माल किती खपला विचारत असतील तर 42,91,150. पार्टीच्या खात्याशी किंवा जीएसटीशी जुळवायचं असेल तर 43,87,400. पहिले दोन्ही, म्हणजे ज्यावर भांडण सुरू झालं ते, कोणालाच पाठवू नका. आणि आकड्याच्या खाली एक ओळ लिहा, "रिटर्न गोडाऊनच्या स्कॅन तारखेने" किंवा "क्रेडिट नोटच्या तारखेने". एवढी एक ओळ असती तर माझे दोन दिवस वाचले असते.

टाइमझोन दुरुस्त झाला, शीट साफ झाली. नोव्हेंबरला जुळणार ना आता?

नाही जुळणार सर. ऑक्टोबरचे ते 96,250 ताईंच्या शीटमध्ये नोव्हेंबरला वजा होणार, डॅशबोर्डने ते आधीच वजा केलेत. म्हणजे ह्या वेळी उलटं, शीट कमी आणि डॅशबोर्ड जास्त. त्यात नोव्हेंबरच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत जो माल परत येऊन क्रेडिट नोट राहिली असेल, तेवढा फरक परत कमी होणार. समजा तसा 30,000 चा माल असेल तर शीट 66,250 ने कमी दिसायला पाहिजे. ताईंकडून राहिलेल्या नोटांची यादी घ्या, हा हिशोब कागदावर करा, तेवढाच फरक आला तर सगळं ठीक आहे. एक रुपया इकडे-तिकडे झाला तर मला फोन करा, पण ढीग पाडून ठेवा आधी.